बारकीचा मसाला

आत्याला घरात अजून सगळे बारकी म्हणतात. पाच भावंडांतलं शेंडेफळ ना! २०१८ साली तिनं कराडला घरीच कांदा-लसूण मसाला करून विकायला सुरुवात केली, तेव्हा नाव सुचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी पुण्यात ‘कॉम्प्युटरमध्ये’. मी म्हटलं, ‘अस्सल सातारी मसाला’. आत्या म्हणाली, “असलं नाव दर दुसऱ्या दुकानावर असतंय. बारकीचा मसाला म्हण.” मला ते जरा गावठीच वाटलं होतं.

माझं नाव घेतलं असतं तर पुढं फार अवघड गेलं असतं. ट्रेडमार्क कायद्यात नुसतं वस्तूचं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवून मिळत नाही. ‘अस्सल’ ही स्तुती, ‘सातारी’ हा मुलूख, ‘मसाला’ ही वस्तू. हे शब्द सगळ्याच मसालेवाल्यांना लागतात, ते एकट्याच्या मालकीचे कसे करणार? बारकीचा मात्र मसाल्याशी काडीचा संबंध नाही. नाव म्हणून तीच त्याची ताकद.

पण आम्ही ते नोंदवलंच नाही. मी नोंदणीच्या साइटवर इंग्रजी स्पेलिंग टाकून एकदा शोधलं, काही सापडलं नाही, आणि काम झालं असं समजून गप्प बसलो.

पाच वर्षांनी एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, “ताई, या वेळी मसाला खारट का झाला?” आत्यानं तिला दोन महिन्यांत काही विकलंच नव्हतं. फोटो मागवला. तसंच लाल-पिवळं पाकीट, वर ‘बारकीताईंचा मसाला’. करणारी कोण, तर तीन वर्षं आत्याकडं मिरच्या भाजायला येणाऱ्या काकू. आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग म्हणाली, “तिला बी पोट हाय. पण माझं नाव कशाला?”

मी त्याच रात्री अर्ज भरायला बसलो. फॉर्म टीएम-ए, मसाल्याचा वर्ग ३०, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. एका ठिकाणी विचारलं होतं, नाव वापरात आहे की पुढं वापरणार आहात? वापरात आहे म्हटलं की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. कटकट नको म्हणून मी ‘पुढं वापरणार’ निवडलं. पैसे भरण्याआधी सुदैवानं एका वकीलबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही स्वतःच लिहून देताय की आत्यांनी हे नाव अजून वापरलेलंच नाही.”

आमची सगळी बाजू त्या एका तारखेवर उभी होती. नोंदणी असो वा नसो, आपल्याकडं आधी आणि सातत्यानं वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो. वकीलबाईंनी तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचं उदाहरण दिलं. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. तेच नाव घेऊन हलवा विकणाऱ्या दुसऱ्याकडंही नोंदणी होती, तरी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं आधीपासून वापरणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला.

मग आधीचा वापर दाखवायचा कशानं? आत्याच्या आठवणीवर भागत नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात छापखान्याचं लेबलांचं पहिलं बिल निघालं, नावासकट, २०१८ चं. डंखावरच्या पावत्याही निघाल्या, पण त्यांवर नुसतं आडनाव, म्हणून त्यांचा उपयोग कमी. आणि तो खारट मसाल्याचा मेसेज! मी तो डिलीट करणार होतो. गिऱ्हाईक खरंच फसलं, याचा तोच पुरावा.

वकीलबाईंनी मराठीत आणि उच्चार जुळतील अशी पाच-सहा स्पेलिंगं घालून पुन्हा शोध घेतला, तेव्हा काकूंच्या मुलानं केलेला अर्ज सापडला. ट्रेडमार्क जर्नलमध्ये तो छापूनही आला होता. छापल्यापासून चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते, मुदत वाढवून मिळत नाही. आमच्या हातात नऊ दिवस होते. २,७०० रुपये फी भरून सातव्या दिवशी हरकत दाखल केली. ती हातात पडल्यापासून दोन महिन्यांत समोरच्यानं लेखी उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात.

उत्तर आलं नाही, काकूच आल्या. पोरानं केलं, मला त्यातलं काय कळतंय, असं म्हणाल्या. खरं-खोटं देव जाणे. मला पटलं नाही. छापलेली दीड हजार पाकिटं शिल्लक होती. आत्यानं ती संपवायला दोन महिने दिले. वकीलबाईंनी तेवढ्यावर न थांबता लेखी घेतलं: शेवटची तारीख, अर्ज मागं घेणं आणि ‘बारकी’ कुठल्याही रूपात पुन्हा न वापरणं. तारीख नसती, तर ती सूट पुढं आमचीच संमती म्हणून दाखवता आली असती.

आता आमचा अर्ज ‘२०१८ पासून वापरात’ असा गेलाय. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर फक्त टीएम. वर्तुळातला आर आधीच छापणं गुन्हा आहे, हे आत्याला तीनदा सांगून झालंय. परवा तिनं नव्या लेबलांचं बिल आलं म्हणून फोन केला. छापखान्याच्या पोरानं वर नुसतं ‘लेबल, ५००० नग’ लिहिलं होतं. तिनं त्याला परत पाठवलं, “नाव घाल आधी,” म्हणून.