कुणाला म्हणायचं?

माझी नात लातूरला इंग्रजी शाळेत सातवीला आहे. सुट्टीत गावाकडं आली की ओसरीवर वह्या पसरून बसते. मागच्या दिवाळीत तिला दहा इंग्रजी वाक्यं मराठीत करून न्यायची होती. पहिलंच वाक्य होतं, ‘व्हेअर आर यू गोइंग?’

"आबा, हे सांग ना."

म्हटलं, "हे कुणाला विचारायचंय?"

"कुणाला म्हणजे? यू ला."

"आगं, पण यू कोण हाय? पोरगा हाय, पोरगी हाय, का तुझे गुरुजी हायेत?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग मीच सांगत गेलो. मित्र असंल तर ‘तू कुठं चाललास’, मैत्रीण असंल तर ‘तू कुठं चाललीस’. गुरुजी असतील तर ‘तुम्ही कुठं चाललात’, आणि आपल्या गावाकडं ‘कुठं चाललाव’. लग्नपत्रिकेतला पाहुणा असंल तर ‘आपण’. एका यूमधून एवढे निघाले. ती म्हणाली, "इंग्रजीच बरी आबा, कुणाला राग यायचा नाही."

ती मला ‘तू’ म्हणते आणि मला ते गोड लागतं. मी माझ्या आज्याला ‘तू’ म्हणालो असतो तर गालावर बोटं उमटली असती. आमच्या घरात आई ‘तू’ आणि वडील ‘तुम्ही’. देव ‘तू’, पाऊस ‘तू’, बैल ‘तू’. माझी सून माझ्या बायकोला ‘आत्या, तुम्ही’ म्हणते आणि फोनवर स्वतःच्या आईला ‘तू’. त्यात सासूचा अपमान नाही की आईचा नाही. जिथं पोट उघडं करता येतं तिथं ‘तू’, आणि जिथं पदर सावरून बसायचं तिथं ‘तुम्ही’.

पण ‘तू’ची आणखी एक जात आहे. ती मायेची नाही. ती मी लहानपणीच शिकलो, कुणी न शिकवता.

आमच्याकडं एक सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्या नावाला शेपूट लावून आम्ही पोरं हाक मारायचो आणि ती हाक कागदावर उतरवायला आता नको वाटतं. मी आठ वर्षांचा. मी म्हणायचो, "ए, तू बैल सोडलास का?" आणि ते म्हणायचे, "सोडले की धाकलं मालक, तुम्ही चला घरी, ऊन झालंय." पन्नाशीकडं झुकलेला माणूस आठ वर्षांच्या पोराला ‘तुम्ही’ म्हणत होता. त्यात काही वावगं आहे हे मला कळत नव्हतं. गावातल्या सगळ्या वाड्यांत असंच चालायचं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरीत गाळ तेवढा राहिला. मोठी कुळंसुद्धा सरकारी कामावर खडी फोडायला गेली, तसे आम्हीही गेलो. पहिल्याच दिवशी हजेरी घेणारा मुकादम, पंचविशीतलं पोरगं, माझ्या वडिलांना म्हणाला, "ए, तू तिकडं बस." वडील काही बोलले नाहीत. हातोडा उचलून तिकडं जाऊन बसले. पण रात्री ताटावर बसेनात. हाताला फोड आले होते, त्याचं त्यांना काही नव्हतं. ते एकच म्हणत होते, "पोरासारखा पोरगा मला ‘तू’ म्हणला."

आई चुलीपुढं होती. ती मागं न बघता म्हणाली, "आपलं लेकरू आपल्या गड्याला रोजच म्हणतंय."

वडील त्यावर गप्प झाले. मीही ऐकलं होतं. पण ऐकलं म्हणून लगेच जीभ वळत नाही. दुसऱ्या दिवशी ते दिसले आणि माझ्या तोंडून ‘तू’च निघालं.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. आमचं एकमेकांना ‘तू’ आणि ‘लेका’. ते खरं ‘तू’, दोन्हीकडून सारखं. मी दहावीनंतर औताला लागलो, तो शिकत गेला. चाळिशीच्या आसपास पीककर्जाच्या कामाला तालुक्याला गेलो तर टेबलापलीकडं साहेब म्हणून तोच. आता म्हणायचं काय? ‘तू’ म्हणावं तर भोवती त्याचे शिपाई, कारकून. ‘तुम्ही’ म्हणावं तर मैत्री तुटल्यासारखी. मी म्हणालो, "कसं चाललंय? बरेच दिवसांनी भेट झाली." तोही म्हणाला, "कधी येणं झालं? चहा घ्यायचा ना?" अर्धा तास बोललो, पण दोघांनीही ना ‘तू’ उच्चारलं ना ‘तुम्ही’. आपल्या मराठीत ही पळवाट आहे. ‘आलास’, ‘आलात’ नको असंल तर ‘येणं झालं’ म्हणायचं. निघताना तोच हसून म्हणाला, "लेका, सही राहिली तुझी." मला सुटल्यासारखं झालं.

त्या दिवशी परत येताना एक गोष्ट टोचत राहिली. लेकासाठी मी अर्धा तास शब्द शोधत बसलो होतो, आणि त्याच्या बापाला मात्र अजून ‘तू’च म्हणत होतो. ते तेव्हा गावातच होते, थकले होते. संध्याकाळी त्यांच्या दारात गेलो आणि मन घट्ट करून म्हणालो, "काका, तुम्ही कसे आहात?"

म्हातारा दचकला. खाटेवरून उठायला लागला. म्हणाला, "मालक, माझं काही चुकलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. जवळचा माणूस एकाएकी ‘तुम्ही’ म्हणायला लागला की तो रुसला, तुटला, असंच आपण धरतो. आईसुद्धा रागावली की म्हणते, "या, आता आलात का? बसा!" त्यांना वाटलं, लेकानं कर्जाच्या कामात काही आडवं घातलं म्हणून मी भांडायला आलोय. म्हटलं, "तुमचं काही नाही चुकलं. चुकलं ते माझं." ते काही बोलले नाहीत.

मी ‘तुम्ही’ सोडलं नाही. त्यांना म्हणायचो, आता मला ‘तू’ म्हणा. ते मान हलवायचे, पण चाळीस वर्षांची जीभ त्यांचीही होती. ‘तू’ काही निघालं नाही. पण हळूहळू ‘मालक’ गेलं आणि ‘तुम्ही’ही गेलं. दारात दिसलो की म्हणायचे, "बसावं जरा. पाणी प्यायचं का? जेवण झालं का?" ते जाईपर्यंत तसंच बोलले. त्यांना ‘तू’ म्हणायचं नव्हतं की ‘तुम्ही’ म्हणायचं नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा नव्हता.

नातीचं शेवटचं वाक्य होतं, ‘हॅव यू ईटन?’

मी सांगितलं, "लिही, जेवण झालं का?"

तिनं लिहिलं आणि पेन्सिल तोंडात धरून म्हणाली, "आबा, यातला यू कुठं गेला?"

म्हटलं, "आहे तिथंच. लिहायचा नाही फक्त."