पहिलं ताकीदपत्र

2019 साली चाकणच्या एका कारखान्यात मी पर्सोनेलमध्ये रुजू झालो. तिसऱ्याच आठवड्यात साहेबांनी ताकीदपत्राचं काम माझ्याकडे दिलं. दुसऱ्या पाळीतल्या एका ऑपरेटरने शेजारचं सीएनसी मशीन चालवायला नकार दिला होता. माझ्या हातात होता सुपरवायझरच्या जबाबाचा कागद आणि त्यावर एकच ओळ: "उद्धटपणे बोलला, काम नाकारलं, नेहमीचंच आहे." एवढ्यावर पत्र लिहायचं तरी काय, मला काही सुचेना.

साहेबांनी कागद परत केला. "उद्धट म्हणजे काय बोलला? त्याचे शब्द आण. आणि 'नेहमीचंच' खोडून टाक. आधीची नोंद आहे का एकही?" नव्हती.

मी सुपरवायझरसमोर बसून जबाब नव्याने घेतला. विचारता विचारता कळलं की, 3.40 ला ते नुसतं "जमलं तर ते मशीन बघ" म्हणाले होते. तो हुकूम नव्हेच. 4.10 ला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आता सात नंबरवर जा, पाळी संपेपर्यंत तेच चालव." तो म्हणाला, "ते माझं काम नाही, मी जाणार नाही." शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी ऐकलं होतं. पत्रात घेतलं ते फक्त 4.10 चं.

स्थायी आदेशांतल्या गैरवर्तनाच्या यादीत नुसतं 'आज्ञाभंग' नाही. आज्ञा कायदेशीर आणि वाजवी हवी, आणि ती जाणूनबुजून मोडलेली हवी. म्हणून त्याचं नियुक्तिपत्र काढलं: सीएनसी ऑपरेटर, मशीनचा नंबर नाही. सात नंबरवर त्याचं ट्रेनिंग झालेलं. काम पाळीच्या वेळेतलंच.

मग त्याचा खुलासा आला: "सात नंबरखाली कूलंट सांडलं होतं, घसरून पडलो असतो." वाचून माझ्या पोटात गोळा आला. हे खरं असेल तर नकार योग्यच, आणि आमचं पत्र अन्यायाचं. सुपरवायझरच्या जबाबात याचा उल्लेखही नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. मेंटेनन्सचं रजिस्टर उघडलं: गळती 2.30 ला बंद, जमीन पुसली. त्या दोघा साक्षीदारांनाही वेगवेगळं विचारलं. जमीन कोरडी होती आणि तेव्हा कूलंटचा विषयच निघाला नव्हता, असं दोघेही म्हणाले.

पत्र मराठीत लिहिलं: तारीख, वेळ, आदेशाचे शब्द, त्याचे शब्द, त्याचा खुलासा आणि तो का मान्य झाला नाही ते. त्याने सही करायला नकार दिला, तेव्हा दोन साक्षीदारांच्या सहीने तशी नोंद केली आणि प्रत रजिस्टर पोस्टाने घरी पाठवली.

या खुर्चीत नव्याने बसणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: सुपरवायझरचा जबाब लिहून घेताना कामगाराने नकाराचं कारण काय सांगितलं, हे त्याच बैठकीत विचारा.