मूर्च्छनाबाई

आमच्या गॅलरीची लांबी बारा फूट आणि रुंदी चार फूट. एवढ्याशा संस्थानात एकवीस कुंड्यांची प्रजा नांदते. रोपवाटिकेतून झाडे येतात ती आपापली लॅटिन नावे घेऊनच येतात. परंतु ज्यांना रोज सकाळी उठून पाणी पाजावयाचे, त्यांना असल्या बिरुदांनी हाक मारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून प्रत्येक नवागताचे बारसे आम्ही स्वतः करतो. पंधरा दिवस त्याचे रूप आणि वर्तन पाहिल्याशिवाय नाव ठेवावयाचे नाही, असा आमचा नियम आहे. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत पुष्कळ अंतर आहे हे आम्ही जाणतो. ते नेहमी पाळतोच असे नाही.

कठड्यावरील चिनी गुलाबाचे नाव ‘रावसाहेब’. ऊन चांगले चढल्यावाचून ते पाकळी उघडीत नाहीत, दुपार कलली की दप्तर मिटतात, आणि आभाळ भरून आले की त्या दिवशी रजा! त्यांच्या शेजारची पानफुटी म्हणजे ‘लेकुरवाळी’. हिचे गळलेले पान कोणाच्याही कुंडीत पडो. त्याच्या कडेच्या खाचांतून पोरे डोकावू लागतात आणि थोड्याच दिवसांत तेथे बिऱ्हाड थाटतात. कोपऱ्यात उभा आहे तो ‘तोतया’. लोक त्याला ब्रह्मकमळ म्हणतात आणि त्याचे फूल रात्री उमलले की हात जोडतात. खरे ब्रह्मकमळ हिमालयात राहते. हा मूळचा अमेरिकेकडील निवडुंग. त्याची पाने म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, ते त्याचे चपटे झालेले खोड. भाऊसाहेबांच्या तोतयालाही याहून अधिक बेमालूम सोंग वठवता आले नसेल.

परंतु आमचे सर्वांत लाडके नाव ‘मूर्च्छनाबाई’. ही पीस लिली. हिच्या देठांत लाकूड नाही. आतल्या पाण्याच्या ताठपणावरच सारा डोलारा उभा. एक दिवस पाणी चुकले की बाईंनी सर्व पाने जमिनीला टेकून मूर्च्छा घेतलीच! तांब्याभर पाणी घालावे, दोन-तीन तासांत पुन्हा ताठ. पाहुण्यांसमोर हा प्रयोग आम्ही कित्येकदा लावला आहे.

गेल्या आषाढात बाईंनी अशीच मान टाकली. आम्ही हसून तांब्या ओतला. संध्याकाळी पाहतो तो बाई तशाच. “आज अंक लांबलेला दिसतो,” असे म्हणून आम्ही आणखी एक तांब्या ओतला. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी कुंडीत बोट खुपसले आणि म्हणाल्या, “अहो, हा तर चिखल झाला आहे! ही तहानलेली नाही, बुडते आहे.”

कुंडी उपडी केली, तेव्हा कुजकट दर्प आला. जी मुळे पांढरी आणि टणक असावयाची, ती तपकिरी पडली होती. चिमटीत धरताच त्यांची साल निसटून नुसता दोरा हाती राही. कुंडीखालची बशी पावसाच्या झडीने भरलेली होती आणि वर आमचा तांब्या चालू होता. मुळांनाही हवा लागते. ती न मिळाल्याने मुळे सडली, आणि सडलेल्या मुळांना पाणी ओढता येईना. भोवती पाणी असून बाई तहानेने मूर्च्छित पडल्या होत्या. लक्षण तेच, कारण नेमके उलटे. आणि दोहोंतील भेद मातीत बोट घातल्यावाचून कळण्यासारखा नव्हता. आम्ही बोट घातले नाही, कारण आम्हांस नाव ठाऊक होते!

मग सौभाग्यवतींनी कात्री घेतली. सडलेली मुळे कापली. उरलेल्या थोड्या मुळांवर भार नको म्हणून निम्मी पानेही उतरवली. पूर्वीपेक्षा लहान कुंडी घेऊन तीत माती, भरड वाळू आणि नारळाचा भुसा समभाग भरला. बशी काढून टाकली. बोटाचे दुसरे पेर आत गेल्यावर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावयाचे, असा हुकूम सुटला. पंधरा दिवस आम्ही अपराध्यासारखे त्या कुंडीवरून जात-येत होतो. तिसऱ्या आठवड्यात मधोमध एक पान सुरळी करून वर आले.

वर्गातील शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या एका मुलाचेही आम्ही असेच एक नाव ठेवले होते. तो रात्रपाळीला जात असे, हे आम्हांस वर्ष संपल्यावर कळले. तेथेही आम्ही बोट घालून पाहिले नव्हते.

‘मूर्च्छनाबाई’ हे नाव बदलावे, असा ठराव आम्ही घरात मांडला. सौभाग्यवतींनी तो फेटाळला. “नावात काही वाईट नाही,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ठेवल्यानंतर पाहणे सोडता, एवढेच. आणि झाडांनी तुमचे काय नाव ठेवले असेल, याचा कधी विचार केला आहे का?”

त्या दिवसापासून तांब्या हाती घेतला, की त्या एकवीस कुंड्यांत काहीतरी कुजबुज चालते असा आम्हांस संशय येतो.