हिमोग्लोबिन ठीक आहे, मग थकवा का?

"डॉक्टर, आठ तास झोपते हो मी. पण सकाळी उठले की वाटतं, रात्रभर दळण दळलंय." हे वाक्य थोड्याफार फरकाने मी ओपीडीत रोज ऐकतो. पाठोपाठ पिशवीतून तपासण्यांची फाइल बाहेर येते आणि तक्रारही: "सगळं नॉर्मल आहे म्हणाले. टेन्शन घेऊ नका म्हणाले."

अशाच एका बाईंची फाइल इथे उलगडतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय एक्केचाळीस, शाळेत शिक्षिका, घरी पूर्ण शाकाहार. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभं राहणं नको वाटायचं. हिमोग्लोबिन १२.१. बाईंसाठी १२च्या खाली गेलं तर आम्ही ॲनिमिया म्हणतो, म्हणजे या काठावर पास. आधी दाखवलं तिथे फाइल याच आकड्यावर मिटली होती.

पण हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं. शरीरात लोह कमी पडू लागलं की आधी कोठारातला साठा वापरला जातो. हा साठा किती उरला आहे हे फेरिटिन नावाची तपासणी सांगते. कोठार रिकामं होत आलं तरी रक्त तयार करण्याचं काम शरीर बराच काळ रेटतं, आणि या मधल्या काळात हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही माणूस थकलेला असतो. लोह फक्त रक्तालाच लागतं असं नाही, स्नायूंना आणि मेंदूलाही ते लागतं.

मी हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी वाचल्या. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो ८८ होता, ८० ते १०० या मर्यादेत अगदी मधोमध. आरडीडब्ल्यू मात्र १८.२ होता आणि त्यापुढे एक बारीक चांदणी छापलेली होती. पेशींच्या आकारात आपसात किती तफावत आहे हे हा आकडा सांगतो, आणि साधारण साडेचौदाच्या पुढे तो जास्त धरतात. सरासरी उत्तम आणि तफावत मोठी, हे कसं काय? लोह कमी असलं की पेशी लहान होतात. बी-१२ कमी असलं की त्या मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असलं तर लहान आणि मोठ्या पेशींची सरसकट सरासरी साजरी दिसते. दोन कमतरता एकमेकींना झाकून घेतात. आपल्याकडच्या शाकाहारी बायकांमध्ये हे मला वारंवार दिसतं, कारण बी-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं, आणि घरातल्या बाईच्या वाट्याला दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच.

फेरिटिन ८ आलं. पंधराच्या खाली कोठार रिकामंच समजायचं, आणि थकवा असेल तर तीसच्या खालचा आकडाही मी गांभीर्याने घेतो. बी-१२ होतं १४८, दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. टीएसएच ३.१, थायरॉइड ठीक. थायरॉइड मंद असेल तर थकव्याच्या जोडीला थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, सुजरा चेहरा अशा खुणा दिसतात. शिवाय त्याने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो आणि त्यातून लोह कमी होतं, म्हणून टीएसएच मी सोडत नाही.

मग प्रश्न विचारले. पायांना मुंग्या येतात का? येत होत्या, ही बी-१२ची खूण. यजमान सोबत होते, ते म्हणाले, "ही झोपेत सारखे पाय हलवते." बाईंना ते ठाऊकच नव्हतं. लोह कमी असलं की रात्री पायांत वळवळ सुटते आणि झोप सतत चाळवते. आठ तास अंथरुणात गेले तरी झोप पुरी होत नाही, त्याचं हे एक कारण. पुढचा प्रश्न पाळीचा. "नेहमीसारखीच," त्या म्हणाल्या. नेमकं विचारल्यावर कळलं, दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं आणि गाठी पडतात. एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव. त्यातून तीसेक मिलिग्रॅम लोह जातं, आणि अन्नातून आपण दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतो. हिशोब दर महिन्याला तुटीत जाणारच. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड दिसला. त्यावर उपचार झाल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग टिकला नसता.

उपचार साधे होते, पण क्रम महत्त्वाचा. बी-१२ची इंजेक्शनं आधी सुरू केली. लोहाच्या बहुतेक गोळ्यांत फॉलिक ॲसिड असतं, आणि बी-१२ न देता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी चालू राहते. लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. एक मात्रा घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर लोहाचं शोषण रोखतं, म्हणून दिवसातून दोनदा गोळ्या घेऊन फायदा दुप्पट होत नाही, पोट मात्र बिघडतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवायची. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर हवं. महिन्याभरात बाईंना जिना सोपा वाटू लागला, पण गोळ्या मी थांबवल्या नाहीत, कारण हिमोग्लोबिन सुधारल्यावरही कोठार भरायला तीनेक महिने लागतात. बहुतेक लोक बरं वाटलं की इथेच गोळ्या सोडतात आणि वर्षभराने पुन्हा तीच फाइल घेऊन येतात.

थकव्यासाठी मी सुरुवातीला सीबीसी, फेरिटिन, बी-१२, टीएसएच आणि साखर एवढंच लिहून देतो. पुष्कळ पॅकेजांत फेरिटिनऐवजी नुसतं सीरम आयर्न असतं. ते दिवसभरात वरखाली होतं, त्यावर विसंबू नये. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन फसवं वाढतं, तेव्हा बरं झाल्यावर तपासावं. बी-१२चं इंजेक्शन किंवा टॉनिक सुरू करण्याआधीच रक्त द्यावं, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. बायोटिनच्या गोळ्या दोन दिवस आधी बंद कराव्यात, थायरॉइडचे आकडे त्यांनी चुकतात. ड जीवनसत्त्व खूपच कमी असेल तर अंग दुखतं, स्नायू दुबळे होतात, पण थकव्याचं सगळं खापर त्याच्यावर फोडू नये. या बाई ६०,००० युनिटची पुडी कुणाच्या सांगण्यावरून महिनोन् महिने दर आठवड्याला घेत होत्या. अशी बेमुदत घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत फेरिटिन कमी आलं तर मी आहाराला दोष देऊन थांबत नाही. रक्त बहुधा पोटातून किंवा आतड्यातून जात असतं, म्हणून एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीचा विचार करावाच लागतो. आणि सगळे आकडे खरोखर चांगले आले तर मी जोडीदाराला विचारतो, हे घोरतात का, घोरता घोरता श्वास अडकतो का. उत्तर हो असेल, तर पुढची तपासणी रक्ताची नसून झोपेची असते.