वीस आसने, सोळा माणसे

सह्याद्रीत ज्यांनी भटकंती केली आहे त्यांना वाहनाच्या वजनाचा विचार करण्याची सवय नसते; एस.टी.च्या टपावर पिशव्या फेकायच्या, पायथ्याच्या फाट्यावर उभ्या असलेल्या जीपमध्ये मावतील तितके बसायचे आणि उरलेल्यांनी मागच्या फळीवर लटकायचे, एवढीच आमच्या तरुणपणीची वाहनव्यवस्था होती. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट गावी आमच्या मराठी मंडळींची योसेमिटीची सहल ठरली आणि वयाने ज्येष्ठ म्हणून कोणी कोणत्या गाडीत बसावे व कोणत्या तंबूत निजावे याची तजवीज माझ्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा हे काम यादी करण्याचे नसून हिशेबाचे आहे, आणि हिशेबाइतकेच माणसे ओळखण्याचे आहे, हे मला पहिल्याच बैठकीत दिसून आले.

आम्ही सोळा जण होतो: सहा पुरुष, सहा स्त्रिया आणि चार मुले. गाड्या तीन: एक आठ आसनांची व्हॅन, एक सात आसनांची उंच गाडी आणि एक पाच आसनांची साधी मोटार. आसने वीस, माणसे सोळा. चार जागा मोकळ्या राहतात म्हणून बैठकीत सर्वांना हायसे वाटले. मी मात्र तिन्ही गाड्यांच्या चालकाकडील दार उघडून आतल्या चौकटीवर चिकटवलेली पट्टी वाचून येण्याची विनंती केली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीवर ही पट्टी असते आणि बसणारी माणसे व सामान मिळून किती वजनाच्या वर जाता कामा नये ते तिच्यावर किलो व पौंड या दोन्हींत छापलेले असते. एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांचा आकडाही सारखा असेलच असे नाही, कारण काचेचे छत, चारही चाकांना गती देणारी यंत्रणा, मोठी बॅटरी असे जे जे कारखान्यात जोडले जाते ते ते या मर्यादेतून वजा होत जाते. आमच्या व्हॅनचा आकडा निघाला 1,150 पौंड, उंच गाडीचा 1,120 आणि मोटारीचा 850, एकूण 3,120.

आता दुसरी बाजू. सरकारी नियमांत एका माणसाचे वजन 150 पौंड, म्हणजे 68 किलो, धरलेले असते. परंतु बूट, जाकीट आणि खिशातील चीजवस्तू यांसह आमच्यातील पुरुष सरासरी 180 आणि स्त्रिया 145 पौंडांच्या खाली येणे शक्य नव्हते. मुलांचे 70 धरले तरी माणसांचेच 2,230 पौंड झाले. बिछाने, तंबू, पिशव्या, दोन बर्फपेट्या, शेगड्या आणि तीन दिवसांचा शिधा मिळून सामान 950 पौंडांवर गेले. बेरीज 3,180, म्हणजे चार आसने रिकामी असूनही गाड्या 60 पौंडांनी अधिक भरलेल्या. आसने पुरली की वाहन पुरले, हा जो सार्वत्रिक समज आहे त्याचे निरसन या एका वजाबाकीने होते; आठ आसनांची गाडी आठ प्रौढ माणसे हव्या तितक्या सामानासकट नेऊ शकते असे तिच्या कारखानदारानेही कोठे म्हटलेले नसते.

वजन विचारणे हा नाजूक मामला आहे. प्रत्येकाचे वजन लिहून मागवले असते तर निम्म्या मंडळींनी दहा वर्षांपूर्वीचा आकडा कळवला असता आणि उरलेल्यांनी सहलच रद्द केली असती. म्हणून मी प्रत्येक घराकडून एकच आकडा मागवला: बूट घालून, पिशव्या हातात घेऊन सगळ्या कुटुंबाची एकत्र बेरीज. बेरजेत कोण किती हे कोणालाच कळत नाही आणि हिशेबाला नेमके तेवढेच लागते. तरीही एका वहिनींनी फोन करून विचारलेच, “काका, हे आकडे यादीत छापणार नाही ना?”

वजन वाढल्याची लक्षणे डोळ्यांना दिसतात. गाडीचा मागचा भाग खाली बसतो आणि पुढचे दिवे वर उचलले जातात. रात्री समोरून येणारे चालक वारंवार दिवे मिचकावू लागले तर त्यांच्या उद्धटपणाला दोष देण्यापूर्वी आपल्या डिकीकडे पाहावे. टायरची बाजू जमिनीलगत फुगलेली दिसते. हवेचा दाबही त्याच पट्टीवर लिहिलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. वाटेत थांबल्यावर तापलेल्या टायरची हवा त्या आकड्यापर्यंत उतरवणे म्हणजे भरलेल्या गाडीचा आधारच काढून घेणे होय. छतावरच्या पेटीत सामान ठेवले की ते हिशेबातून सुटले, असे मानणारेही भेटतात. वास्तविक ते त्याच मर्यादेत मोजले जाते, छताची स्वतःची मर्यादा निराळी व पुष्कळच कमी असते, आणि उंचावर गेलेले वजन वळणावर गाडीला कलंडवू पाहते.

जास्तीचे 60 पौंड दिसले तेव्हा एकाने सुचवले की पंधरा आसनांची एक मोठी व्हॅन भाड्याने घेऊ, एखादी गाडी सोबत राहील, सगळे एकत्र गप्पा मारत जाऊ. सूचना स्नेहाची होती, पण ती मी मान्य केली नाही. वाहतूक सुरक्षेच्या केंद्रीय खात्याने 2001 साली याच व्हॅनविषयी जाहीर इशारा दिला होता: दहा किंवा अधिक माणसे बसली असता, केवळ त्याच वाहनाच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असतानापेक्षा जवळजवळ तिप्पट आढळले होते. माणसे भरत जातात तसे तिचे वजन मागे आणि वर सरकते, हे त्याचे कारण. आम्ही त्याऐवजी 850 पौंडांची आणखी एक मोटार घेतली.

चार गाड्या झाल्यावर खरे वाटप सुरू झाले आणि ते मी रस्त्याकडे पाहून केले. मोकासिनहून ग्रोव्हलंडकडे जाताना प्रीस्ट ग्रेड नावाचा चढ लागतो. जुना रस्ता दोनेक मैलांत सरळ अंगावर येतो आणि नवा सहाएक मैल वळणे घेत तीच उंची गाठतो. सरळ चढावर भरलेल्या गाडीचे यंत्र तापते, परतताना त्याच उतारावर ब्रेक तापतात. वळणांच्या रस्त्यावर मुलांना ओकाऱ्या होतात. आम्ही वळणांचा रस्ता पत्करला, आणि म्हणून सर्वांत आधी जागा ठरली ती ज्याला गाडी लागते त्या सात वर्षांच्या मुलाची. तिसऱ्या रांगेत समोरचा रस्ता दिसत नाही आणि मागच्या चाकांवरचे हेलकावे अधिक बसतात. तेव्हा तो व्हॅनच्या मधल्या रांगेत, समोरची काच दिसेल असा. आठ वर्षांखालील मूल कॅलिफोर्नियात मागच्या आसनावर आणि उंची चार फूट नऊ इंच नसेल तर उंचवट्याच्या खुर्चीवर बसवावे लागते, म्हणून त्याला पुढे घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या शेजारी त्याची आई नव्हे, तर आजी. आईलाही वळणांचा त्रास होतो आणि एकाचे पाहून दुसऱ्याला उमळते. त्या व्हॅनमध्ये दोन पुरुष, दोन स्त्रिया आणि दोन मुले मिळून 790 पौंड, खुर्च्या 20, सहा पिशव्या 180, तंबू 80: एकूण 1,070. मर्यादेखाली 80 पौंड उरले आणि दोन आसने रिकामी गेली. ती रिकामी आसने पाहून हळहळणाऱ्यांना मी पट्टी दाखवली.

शेगड्या, बर्फपेट्या आणि शिधा यांचे 330 पौंड चौथ्या मोटारीत गेले आणि तिच्यात माणसे फक्त दोन बसवली; ज्यांना पहाटे उठण्याचे काही वाटत नाही आणि ज्यांच्या सोबत मुले नाहीत अशी. जड पेट्या डिकीच्या टोकाला न ठेवता मागच्या आसनाला टेकवून, खाली. बाकीच्या दोन गाड्यांत कोण कोणाबरोबर, हे ठरवताना मी परवाना असलेली दोन माणसे प्रत्येक गाडीत असावीत हा दंडक पाळला, कारण व्हर्नल धबधब्याच्या पायऱ्या चढून आलेला चालक परतीच्या वाटेवर ट्रेसीपाशी पेंगू लागतो. यानंतर उरतो तो सोबतीचा प्रश्न: एकाला काच उघडी लागते, दुसऱ्याला वाऱ्याने कानदुखी, एकाला अखंड नाट्यगीते हवीत आणि एका गृहस्थांना भारतीय राजकारणावर बोलल्यावाचून चार तास काढता येत नाहीत. या गृहस्थांना मी त्यांच्याशी सहमत असलेल्या माणसाशेजारी बसवले. विरोधकाशेजारी बसवणे सोपे होते, पण ती गाडी चालवणारा मीच होतो.

तंबूंचे वाटप निराळ्या मापाने होते. योसेमिटीत अप्पर पाइन्सच्या एका जागेवर मुले धरून सहाच माणसे आणि दोनच गाड्या चालतात, म्हणून आमच्या जागा तीन. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू म्हणजे वीस इंच रुंदीच्या चार गाद्या शेजारी शेजारी मांडल्यावर भरणारा तंबू. पिशव्यांना त्यात जागा नाही आणि पंचवीस इंची गादी आणणारे निघाले तर तिघेच मावतात. रात्री उठावे लागणारे ज्येष्ठ दाराशी, घोरणारे दोघे एका तंबूत व तो तंबू जागेच्या टोकाला. वजन येथेही आडवे येतेच. हवा भरलेल्या एकाच जोडगादीवर जड व हलके माणूस निजले की जड माणसाच्या प्रत्येक कुशीसरशी हलके माणूस उचलले जाते; आणि जमीन किंचित उतरती असेल तर जड माणसाने खालच्या बाजूला निजावे, नाहीतर पहाटेपर्यंत तो शेजाऱ्याच्या अंगावर घरंगळतो. निजण्याआधी प्रत्येक तंबूत चकली, चिवडा, दंतमंजन यांची झडती घेऊन ते सारे तळावरच्या लोखंडी पेटीत गेले. अस्वलाला वास येणारे सगळे अन्नच.

आमच्यातील चार तरुण त्यानंतर टुओलुमी मेडोजहून कॅथीड्रल तळ्यांवरून चालत दरीत उतरणार होते. त्यांचे वाटप अगदी थोडक्यात: जे एका तंबूत निजणार त्यांनी एकाच गतीने चालावे. दोघांच्या तंबूचे पाचेक पौंड वाटून घेताना एकाकडे दांड्या आणि दुसऱ्याकडे कापड जाते; पुढचा तासभर आधी मुक्कामी पोचला आणि पाऊस आला तर हातात दांड्या घेऊन भिजत उभा राहतो. अन्नाचा अस्वलरोधक डबाही जोडीला एक, आणि तो अधिक सशक्त भिडूच्या पाठीवर, पण पाण्याचे ओझे त्याच्याकडून काढून घेऊन.

पुढच्या खेपेला येऊ इच्छिणाऱ्यांनी आपल्या कुटुंबाची बुटांसह एकूण बेरीज, गाडीच्या पट्टीवरचा आकडा, गादीची रुंदी आणि घरात कोणाला वळणांचा त्रास होतो ते महिनाभर आधी कळवावे. वजनाचा आकडा माझ्या वहीबाहेर जाणार नाही.