खर्डा

तो आला तेव्हा 1200 शब्दांचा होता आणि दारातच घुटमळत होता. फुलस्केपची सात पानं. पहिल्या पानावर गावचं नाव कसं पडलं ते. दुसऱ्यावर आजोबा. तिसऱ्यावर चाळीचं अनुदान, त्यासाठी घातलेले हेलपाटे आणि एका बाबूचा स्वभाव. कांदा सडल्याची गोष्ट सांगायला आलेल्या या गृहस्थाने चौथं पान उलटेपर्यंत ‘सडला’ हा शब्द उच्चारला नव्हता.

आमच्या शेतकी मासिकात चुकांचं एक पान असतं. त्यामुळे असे पाहुणे मला नवे नाहीत. चूक कबूल करणारा खर्डा शाळेतून उशिरा घरी आलेल्या पोरासारखा असतो. पाटी कुठे फुटली असं विचारलं, की तो सकाळच्या प्रार्थनेपासून सुरुवात करतो. खोटं तो बोलत नाही. फक्त फुटलेल्या पाटीपर्यंत पोचायचं टाळतो.

याची भाषासुद्धा तशीच. बियाणं ‘मी आणलं’, रोपं ‘मी टाकली’, पण पाणी ‘दिलं गेलं’ आणि चाळ ‘भरली गेली’. कर्ता जिथून अचानक नाहीसा होतो तिथे मी पेन्सिलीने फुली मारते. या खर्ड्यात दोन फुल्या पडल्या. चूक त्या दोघींच्या आसपासच कुठेतरी लपलेली असणार, हे अनुभवाने कळतं.

ती सापडली पाचव्या पानाच्या तळाशी, एका कंसात. ‘(शेवटचं पाणी काढणीच्या चार दिवस आधी दिलं गेलं होतं.)’

कांदा लावणाऱ्या माणसाने हे वाचून डोक्याला हात लावला असता. साठवायचा उन्हाळी कांदा असेल तर काढणीच्या निदान पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं. मग पात माना टाकते, कांद्याची मान आकसते आणि वाळून बंद होते. ओल्या रानातून निघालेल्या कांद्याची मान जाड आणि रसाळ राहते, आणि सड आत शिरते ती त्याच दारातून. एवढी मोठी गोष्ट या पठ्ठ्याने कंसात कोंबली होती आणि अनुदानाच्या बाबूला अख्खं दीड पान दिलं होतं.

मी लेखकाला फोन केला. “पाणी का दिलंत?”

बराच वेळ पलीकडून नुसता मोटारीचा आवाज. मग म्हणाले, “रान कडक झालं होतं, ताई. बाया म्हणाल्या, उपटत नाही, मजुरी वाढवून द्या. मी म्हटलं, त्यापेक्षा एक पाणी देतो.”

गोष्ट मिळाली. खर्ड्यात मात्र हे वाक्य कुठेच नव्हतं.

त्यानंतर कापाकापी सोपी झाली. प्रत्येक परिच्छेदाला मी एकच प्रश्न विचारत गेले: तू नसतास तर कांदा सडायचा थांबला असता का? गावाचं नाव काढलं, कांदा सडलाच. अनुदान काढलं, सडलाच. बाबू बिचारा मुकाट निघून गेला. पाणी काढून पाहिलं तर कांदा वाचत होता, म्हणून पाणी कंसातून बाहेर आलं आणि त्याला स्वतःचा परिच्छेद मिळाला. एप्रिलमध्ये दाटून आलेलं आभाळही राहिलं, कारण त्या आभाळाला भिऊनच पात कापल्या कापल्या, सावलीत न सुकवता, दोन दिवसांत 200 क्विंटल माल चाळीत गेला. पाऊस आलाच नाही. हे तीन शब्दांचं वाक्य खर्ड्यात एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला बांधलेलं होतं. मी ते सोडवून एकटं उभं केलं.

चाळीचं वर्णन या प्रश्नात नापास होत होतं, तरी त्यातली एक ओळ मी ठेवली. थप्पी पाच फुटांच्या वर नव्हती आणि तळातून हवा खेळत होती. ही ओळ नसती तर वाचणारा प्रत्येक शेतकरी मनातल्या मनात चाळीलाच दोष देत बसला असता. त्याचा संशय गोष्ट पुढे सरकण्याआधी फिटायला हवा.

खर्ड्याची आणखी एक खोड होती. त्याला पुढचं सगळं आधीच ठाऊक असायचं. मार्चच्या परिच्छेदातच तो ‘त्या घातकी पाण्याने’ असं म्हणून मोकळा झाला होता. मार्चमध्ये ते पाणी घातकी नव्हतं, ती बचत होती. ‘घातकी’ खोडल्यावर तो निर्णय एकदम शहाण्या माणसाचा वाटू लागला. तसा तो वाटला नाही, तर पुढच्या माणसाला आपणही असंच करू याची भीती कशी वाटावी?

शेवटी सात पानांतून 430 शब्द उरले. सुरुवात जुलैतल्या वासाने: पहाटे चाळीकडून येणारा आंबूस दर्प आणि बांबूंच्या फटींतून खाली ठिबकणारं काळं पाणी. मग एकच उडी, मार्चमध्ये. तिथून रान, बाया, पाणी, आभाळ, चाळ, असं सरळ पुन्हा जुलैपर्यंत. माणसाची समजूत जिथे बदलते तिथे परिच्छेद तोडला, ओळी मोजून नाही. त्यामुळे एक परिच्छेद सात ओळींचा आहे आणि एक तीन शब्दांचा.

खर्ड्याच्या शेपटीला सात धडे होते, आकडे घालून. पहिला ‘निसर्गापुढे कोणाचं चालत नाही’. निसर्गाने या प्रकरणात काहीच केलं नव्हतं, साधा पाऊससुद्धा पाडला नव्हता. सातही गेले. त्यांच्या जागी पुढच्या वर्षी काय केलं ते आलं: पंधरा दिवस आधी पाणी तोडलं, रान दगड झालं, बायांना वाढीव मजुरी दिली, पात कापून कांदा दहा-बारा दिवस सावलीत पसरला आणि मगच चाळ भरली. वाढीव मजुरी किती पडली तो आकडा मी मुद्दाम मागवून घेतला. आदल्या वर्षी जुलैत 200 क्विंटलांतले 90 विकले गेले होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि खाली काही लिहिलं नाही.

आता खर्डा अंगाने सडसडीत आणि बोलायला थेट झाला होता. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. तो लेखकाला वाचून दाखवला.

“चांगलाय,” ते म्हणाले. “पण आजोबा कुठं गेले?”

“आजोबांचा सडण्याशी काय संबंध?”

“ताई, तुम्ही ते पान शेवटपर्यंत वाचलं नाही का?”

मी खण उघडला. दुसरं पान, आजोबांची धोतराची सवय, त्यांचा बैल, त्यांचा राग, आणि अगदी तळाला: चाळ भरायच्या आधी आजोबा कांद्याची मान चिमटीत धरून चोळायचे. आत घसरल्यासारखं लागलं तर माल परत सावलीत.

“त्या दिवशी मीही चोळून पाहिली होती,” ते म्हणाले. “घसरत होती.”

बैल आणि धोतर खणातच राहिले. आजोबांची चिमूट मी एप्रिलच्या आभाळाखाली, चाळीच्या दाराशी नेऊन ठेवली. तिच्यापुढे लेखकाचं ‘घसरत होती’ घातलं, आणि त्याच्याखाली, एकट्या ओळीत, ‘तरी चाळ भरली’. एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं, कर्ता पुन्हा गायब होता. ‘मी’ घातला.