गेल्या वर्षीची स्लाइड

मार्चअखेरचे वार्षिक निकाल साधारण मे महिन्यात जाहीर होतात, त्यासोबत शेअर बाजारांकडे प्रेझेंटेशन जाते आणि पुढे वार्षिक अहवालासाठी अध्यक्षांचे भागधारकांना पत्र लिहायला घेतले जाते. मसुदा करणाऱ्याच्या हाती दोन स्लाइड पडतात, एक ठळक आर्थिक आकड्यांची आणि दुसरी पुढील वर्षाच्या अंदाजाची. त्यांची वाक्ये केली की पत्र झाले, असे बहुतेक ठिकाणी धरून चालतात. माझे म्हणणे वेगळे आहे. या दोन्ही बाजूला ठेवून आधी गेल्या वर्षीच्या प्रेझेंटेशनमधली अंदाजाची स्लाइड काढावी आणि पत्राची सुरुवात तिथून करावी. कारण ठळक आकड्यांची स्लाइड चालू वर्षाची तुलना फक्त मागच्या वर्षाशी करते. कंपनीने स्वतः काय कबूल केले होते, हे ती सांगत नाही. भागधारकाला मात्र आधी तेच कळायला हवे, कारण त्याने शेअर हातात ठेवला तो त्या शब्दावर.

समजा, पंप बनवणारी एक कंपनी आहे. स्लाइडवर उलाढाल 1,000 कोटींवरून 1,120 कोटी, म्हणजे 12 टक्के वाढ. करोत्तर नफा 70 वरून 84 कोटी, म्हणजे 20 टक्के वाढ. दोन्ही आकडे खरे आहेत आणि नफ्याचा बाण हिरवा आहे. आता गेल्या वर्षीची स्लाइड उघडा. तिथे 15 टक्के विक्रीवाढ आणि 14 टक्के कार्यकारी नफ्याचे प्रमाण, असे दोन अंदाज दिले होते. प्रत्यक्षात हे प्रमाण 13 टक्क्यांवरून साडेबारावर उतरले. मग करोत्तर नफा 20 टक्के वाढला कसा? निकालाच्या टिपा वाचल्या की उत्तर मिळते: जुनी जमीन विकून कर वजा जाता 12 कोटी आले. ते बाजूला काढले, तर नफा 72 कोटी, वाढ जेमतेम तीन टक्के. ताळेबंदात आणखी एक गोष्ट आहे, जी स्लाइडवर नाही. ग्राहकांकडची येणी 200 वरून 280 कोटी झाली. विक्री 120 कोटींनी वाढली आणि येणी 80 कोटींनी, म्हणजे वाढीचा मोठा भाग उधारीवर उभा असण्याची शक्यता आहे. येणी वितरकांना जास्त मुदत दिल्याने वाढली, की मार्चमध्ये एकदम माल गेल्याने, हे विक्री आणि वित्त विभागाला विचारल्याशिवाय मसुद्यात एक शब्दही लिहू नये.

यावर पहिला आक्षेप असा, की हा खुलासा अहवालातल्या व्यवस्थापनाच्या विश्लेषणात येतोच, पत्रात कशाला? सेबीच्या नियमांनुसार प्रमुख आर्थिक गुणोत्तरे 25 टक्के किंवा अधिक बदलली, तर तिथे सविस्तर कारण द्यावे लागते. आपल्या उदाहरणात येण्यांची उलाढाल वर्षाला पाच वेळांवरून चार वेळांवर आली. घट 20 टक्क्यांची. म्हणजे नियमाने कारण द्यायची सक्तीच नाही. नेमकी अशी उंबरठ्याच्या आतली घसरण पत्रात यायला हवी, कारण दुसरीकडे कुठे ती वाक्यात मांडली जाईल याची हमी नाही.

दुसरा आक्षेप कायदा विभागाचा असतो आणि तो अधिक वजनाचा आहे: भविष्याबद्दल जास्त बोलू नका. हे खरेच आहे. शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती पत्रातून प्रथमच बाहेर पडता कामा नये, तेव्हा पत्रातला अंदाज स्लाइडच्या पुढे जाऊ शकत नाही. पण गेल्या वर्षीचा अंदाज तर जाहीर झालेलाच आहे. तो आठवून देण्यात कायद्याची आडकाठी नाही. अडचण असते ती संकोचाची. मापदंड बदलायचा असेल, तर तेही उघडपणे करता येते. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या पत्रांची सुरुवात जवळपास तीन दशके प्रति शेअर पुस्तकी मूल्यातल्या बदलाने होत असे. 2018 सालच्या पत्रात त्यांनी ती प्रथा थांबवली आणि का थांबवली याची कारणे तिथेच दिली. आपल्या कंपनीने मात्र यंदाच्या स्लाइडवर 14 टक्क्यांच्या जागी नुसते ‘नफ्याच्या प्रमाणात सुधारणा’ असे लिहिले आहे. आकडा गळाला, याची नोंद वाचकाने स्वतः करायची.

म्हणून मी मसुद्याचा पहिला परिच्छेद असा लिहीन: “गेल्या वर्षी आम्ही 15 टक्के विक्रीवाढ आणि 14 टक्के कार्यकारी नफ्याचे प्रमाण अपेक्षिले होते, दोन्ही गाठता आले नाही. विक्री 12 टक्के वाढली, प्रमाण साडेबारा टक्के राहिले. करोत्तर नफ्यातले 12 कोटी जमीनविक्रीचे आहेत, ते पुन्हा येणार नाहीत.” त्यानंतर कारणे, मग येणी, आणि शेवटी यंदाचा अंदाज, तो कोणत्या अटींवर आणि कोणत्या तारखेला केला आहे याच्या उल्लेखासह. ही तारीख महत्त्वाची आहे. अंदाज मे महिन्यातला असतो आणि पत्र भागधारकाच्या हाती पडेपर्यंत पहिल्या तिमाहीचे निकालही आलेले असू शकतात. तसे झाले, तर छपाईला जाण्यापूर्वी अंदाजाचे वाक्य त्या निकालांशी पुन्हा ताडून पाहावे लागते.